साठ दिवस म्हणजे कोणती तारीख?



गेल्या वर्षी बकरी ईद ७ जूनला, शनिवारी आली. शिर्डीत शनिवार-रविवार म्हणजे हॉटेलवाल्यांच्या धावपळीचे दिवस. आमचा भाचा तिथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करायचा. सकाळची नमाज आटोपून तो ड्युटीवर गेला आणि संध्याकाळी आमच्याकडे कोपरगावला आला. जेवण झाल्यावर सगळे गप्पा मारत बसले होते, तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. म्हणाला, "मामू, हे एकदा वाचून घ्या. सोमवारी देऊन टाकतो."

तो राजीनामा होता. पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात त्याला नोकरी मिळाली होती आणि त्यांनी १५ जुलैला हजर व्हायला सांगितले होते. त्याने लिहिले होते, "वैयक्तिक कारणामुळे मी राजीनामा देत आहे. कृपया ही माझी एक महिन्याची नोटीस समजावी आणि मला लवकरात लवकर मुक्त करावे."

आम्ही विचारले, "एक महिना कुठून आला?" तो म्हणाला, "सगळे महिनाच देतात."

हे उत्तर आम्ही आजवर इतक्या मुलामुलींकडून ऐकले आहे की या महिन्याचा लेख त्यावरच लिहायचे ठरवले. नोटीस किती द्यायची हे सगळे काय देतात यावर ठरत नाही. आपण सही केलेल्या कागदावर काय लिहिले आहे, त्यावर ते ठरते. आणि त्या कागदावरचा आकडा नुसता उतरवून भागत नाही, त्याची तारीख करावी लागते.

आम्ही त्याला कागद आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून दोन पत्रे आणली. एक नेमणूकपत्र होते, १ फेब्रुवारी २०२४ चे. त्यात लिहिले होते की पहिले सहा महिने परिविक्षेचे, म्हणजे प्रोबेशनचे, आणि त्या काळात दोन्ही बाजूंनी १५ दिवसांची नोटीस. दुसरे पत्र कायम केल्याचे, म्हणजे कन्फर्मेशन लेटर, १ ऑगस्ट २०२४ चे. पगार वाढल्याच्या आनंदात त्याने त्याच्या पहिल्या पानावरचा आकडा तेवढा पाहिला होता. मागच्या बाजूला कलम ७ होते. त्याचा मराठी मतलब असा : कायम झाल्यानंतर कोणत्याही पक्षाला ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन, किंवा कमी पडलेल्या दिवसांचे मूळ वेतन देऊन, ही सेवा संपवता येईल. नोटीस दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती मोजली जाईल. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती करणे व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहील.

म्हणजे त्याच्या मनात एक महिना होता, पहिल्या कागदावर १५ दिवस होते आणि त्याला लागू होते ६० दिवस. अशा वेळी कोणता कागद खरा मानायचा? साधारणपणे जो नंतरचा आहे आणि ज्यात हेच कलम नव्याने लिहिले आहे तो. नंतरच्या पत्रात नोटीसबद्दल काहीच नसेल आणि "बाकी अटी पूर्वीप्रमाणे" असे लिहिले असेल, तर आधीच्या पत्राकडे परत जावे लागते. काही ठिकाणी नेमणूकपत्रात फक्त "कंपनीच्या नियमांप्रमाणे" एवढेच असते. मग ती नियमपुस्तिका एचआरकडे मागावी, आणि राजीनाम्याचा विषय काढण्यापूर्वीच मागावी. राजीनामा हातात दिल्यावर नियम मागितले की ते कधी सापडत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

आता तारखेकडे येऊ. चूक बहुतेक वेळा इथे होते.

साठ दिवस, दोन महिने आणि साठ कामाचे दिवस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भाच्याने मंगळवारी, १० जूनला पत्र द्यायचे ठरवले, म्हणून तीच तारीख धरू. कलमाप्रमाणे पहिला दिवस ११ जून. जूनचे उरलेले दिवस २०, जुलैचे ३१, झाले ५१. राहिले ९. म्हणजे साठावा दिवस ९ ऑगस्ट. कलमात "दोन महिने" असते तर महिना तारखेवरून तारखेपर्यंत मोजला असता आणि १० ऑगस्ट आला असता. फरक एकाच दिवसाचा आहे. पण फेब्रुवारी मध्ये आला की हा फरक वाढतो. ३१ जानेवारी २०२५ ला दिलेली एक महिन्याची नोटीस २८ फेब्रुवारीला संपते, आणि तीस दिवसांची नोटीस २ मार्चला. कलमात "६० कामाचे दिवस" असते तर गोष्ट फारच वेगळी झाली असती. आठवड्याला एक सुट्टी धरली तर साठ कामाच्या दिवसांना दहा आठवडे लागतात, म्हणजे ऑगस्टची १९ तारीख, आणि मध्ये १५ ऑगस्टची सुट्टी आल्याने २०. म्हणून कलमात जो शब्द आहे तोच पत्रात उतरवावा. साठ दिवस असेल तर साठ दिवसच लिहावे, दोन महिने लिहू नये.

बोटांवर मोजताना सुरुवातीचा दिवस धरायचा की सोडायचा, यात नेहमी घोळ होतो. कलमात लिहिलेले नसेल तर पत्र दिल्याचा दिवस सोडून मोजणे सुरक्षित. एक दिवस जास्त काम केले तर कोणी हरकत घेत नाही. एक दिवस कमी पडला की हिशोबाच्या वेळी तोच दिवस पुढे येतो.

भाच्याचा चेहरा उतरला. ९ ऑगस्ट आणि १५ जुलै यांचा मेळ बसत नव्हता. १४ जुलैपर्यंत काम केले तर ३४ दिवस भरत होते आणि २६ दिवस कमी पडत होते. शिवाय १० जुलैला गुरुपौर्णिमा. शिर्डीत रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या तीन उत्सवांना हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यात जाणाऱ्या माणसाला मॅनेजर आनंदाने निरोप देणार नाही, हे तोही जाणून होता.

त्याची अम्मी, आमची आपा, पलीकडे बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तिकडच्यांना जबान दिली आहेस आणि इकडच्यांना सही. आधी सहीचं बघ, मग जबान देताना त्यांना सांग की माझी सही अजून बाकी आहे." आम्हाला यात भर घालण्यासारखे काही वाटले नाही.

सोमवारी सकाळी त्याने पुण्याला फोन केला. आमच्या कलमाप्रमाणे ६० दिवस आहेत, १५ जुलैला मोकळा होणार नाही, असे सरळ सांगितले. नव्या ठिकाणी हे सांगायला पुष्कळ मुले घाबरतात. पण एचआरच्या लोकांना नोटीस नवीन नसते. जो माणूस आधीची नोकरी नीट सोडतो तो उद्या आपलीही नीट सोडेल, एवढे त्यांना कळते. त्यांनी १ ऑगस्ट दिली. आता ३१ जुलैपर्यंत ५१ दिवस भरत होते आणि फक्त ९ दिवसांचा प्रश्न उरला.

मग पत्र नव्याने लिहिले. हॉटेलचा पत्रव्यवहार इंग्रजीत असल्याने त्याने ते इंग्रजीत दिले. मजकूर मराठीत असा होता :

"महोदय, मी १ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्याकडे फ्रंट ऑफिस सहायक या पदावर काम करीत आहे. या पत्राद्वारे मी या पदाचा राजीनामा देत आहे.

"दिनांक १ ऑगस्ट २०२४ च्या कायमपत्रातील कलम ७ प्रमाणे माझी नोटीस ६० दिवसांची आहे. हे पत्र आज १० जून २०२५ रोजी दिल्याने नोटीस ११ जूनपासून सुरू होऊन ९ ऑगस्ट २०२५ रोजी पूर्ण होते. त्यानुसार माझ्या कामाचा शेवटचा दिवस ९ ऑगस्ट २०२५ राहील.

"माझी विनंती आहे की शक्य असल्यास मला ३१ जुलै २०२५ रोजी कार्यमुक्त करावे. उरलेले ९ दिवस माझ्या शिल्लक रजेतून वळते करावेत, किंवा कलम ७ प्रमाणे ९ दिवसांचे मूळ वेतन माझ्या अंतिम हिशोबातून कापून घ्यावे. विनंती मान्य न झाल्यास मी ९ ऑगस्टपर्यंत काम करीन. कृपया या पत्राची पोच आणि शेवटच्या दिवसाची तारीख लेखी कळवावी."

या पत्रात कराराची तारीख आणि आपल्या सोयीची तारीख वेगवेगळ्या परिच्छेदांत आहेत, हे लक्षात घ्या. पहिली विधान म्हणून लिहिली आहे, दुसरी विनंती म्हणून. भाच्याच्या पहिल्या मसुद्यात फक्त सोयीची तारीख होती. तसे पत्र दिले असते तर मालकाला सहज म्हणता आले असते की या माणसाने करारापेक्षा कमी नोटीस दिली, करार मोडला. नव्या पत्रात करार पाळण्याची तयारी आधी लिहिली आहे आणि सवलत नंतर मागितली आहे. सवलत नाकारली गेली तरी पत्र बरोबरच राहते.

"लवकरात लवकर मुक्त करावे" हे वाक्य मात्र कुठेच ठेवू नये. त्याचा अर्थ मालक स्वतःच्या सोयीने लावू शकतो. एका मुलीने असे लिहिले होते. तिला त्याच संध्याकाळी सांगण्यात आले, "ठीक आहे, उद्यापासून येऊ नका." दोन महिन्यांचा पगार हातात येईल या भरवशावर ती होती. तिच्या करारात ६० दिवसांची नोटीस दोन्ही बाजूंना होती. तिने स्वतःच लवकर सोडा असे लिहिले नसते, तर उरलेल्या दिवसांचा पगार मागायला तिच्या हातात काहीतरी राहिले असते.

तारीख नीट लिहिण्याला आणखी एक अर्थ आहे. त्याची गोष्ट एका न्यायमूर्तींची आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. सतीश चंद्र यांनी ७ मे १९७७ च्या पत्राने राष्ट्रपतींकडे राजीनामा पाठवला आणि तो १ ऑगस्टपासून लागू होईल असे लिहिले. १५ जुलैला त्यांनी दुसरे पत्र लिहून तो मागे घेतला. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७८ मध्ये बहुमताने निकाल लागला की राजीनामा पुढच्या तारखेपासून लागू होणार होता, ती तारीख येण्यापूर्वी तो मागे घेता येतो. पुढे साध्या नोकरांच्या प्रकरणांतही हे तत्त्व वापरले गेले, मात्र करारात किंवा सेवानियमांत वेगळे काही लिहिलेले असेल तर ते पाहावे लागते. ज्याच्या पत्रात तारीखच नाही त्याला हा दरवाजा उघडा आहे की बंद, यावर वाद घालत बसावे लागते.

आता हॉटेलात काय झाले ते सांगतो. मंगळवारी भाच्याने पत्राच्या दोन प्रती नेल्या. एक दिली, दुसरीवर तारखेसह शिक्का आणि सही घेतली. तेच पत्र ईमेलवरही पाठवले. मॅनेजर बाहेरगावी होते. ते सोमवारी परत आले आणि १६ जूनला त्यांचे उत्तर आले : "आपला राजीनामा आज स्वीकारण्यात येत आहे, नोटीस उद्यापासून धरली जाईल." १७ जूनपासून साठ दिवस मोजले तर १५ ऑगस्ट येते. सहा दिवस असेच वाढले.

भाचा चिडला होता. आम्ही म्हटले, चिडायचे कारण नाही, कलम वाच. कलमात नोटीस "दिल्याच्या" दुसऱ्या दिवसापासून असे होते, "स्वीकारल्याच्या" नव्हे. त्याने शिक्क्याच्या प्रतीचा फोटो आणि कलमाची ओळ ईमेलवर पाठवली, सोबत दोन वाक्ये लिहिली. दुसऱ्या दिवशी तारीख दुरुस्त झाली. शिक्का नसता तर १० जून आणि १६ जून यांतली कोणती तारीख खरी, हे कोणी ठरवायचे? ज्यांच्याकडे शिक्का मारायला नकार देतात त्यांनी पत्र ईमेलने पाठवावे, शिवाय पोस्टातून नोंदणीकृत पाठवून पावती आणि पोच दोन्ही जपावी. व्हॉट्सअॅपवर पाठवलेले पत्र काहीच नसण्यापेक्षा बरे, पण करारात "लेखी नोटीस" म्हटले असेल तर तेवढ्यावर अवलंबून राहू नये.

विनंतीचे उत्तर अर्धे मिळाले. गुरुपौर्णिमेला तो हजर राहणार म्हटल्यावर ३१ जुलै मान्य झाली, रजा वळती करायला मात्र नकार आला. हा नकार कलमाला धरूनच होता, कारण रजेची गोष्ट व्यवस्थापनाच्या मर्जीवर ठेवलेली होती. म्हणजे ९ दिवसांचे पैसे कापले जाणार.

किती? इथे दुसरा घोळ झाला. अंतिम हिशोबाच्या कच्च्या कागदावर ६,३०० रुपये कपात दाखवली होती. भाच्याचा एकूण पगार २१,००० होता. त्याला ३० ने भागून ९ ने गुणले की ६,३०० येतात. पण कलमात "मूळ वेतन" हा शब्द होता. पगारपत्रकावर मूळ वेतन १५,००० होते, बाकीचे घरभाडे आणि इतर भत्ते. १५,००० भागिले ३०, एका दिवसाचे ५००. नऊ दिवसांचे ४,५००. अठराशे रुपये जास्त कापले जात होते. त्याने पुन्हा तीच ओळ दाखवली आणि लेखापालाने आकडा बदलला. त्या माणसाच्या मनात काही वाईट नसावे. त्याच्या संगणकात सगळ्यांसाठी एकच सूत्र भरलेले होते. कुठे कुठे ३० ऐवजी २६ ने भागतात. ग्रॅच्युइटीच्या हिशोबात २६ चा भागाकार कायद्यातच आहे, म्हणून तो लोकांच्या डोक्यात बसलेला असतो. पण नोटीसचे दिवस सुट्ट्या धरून मोजले असतील तर त्यांचे पैसेही ३० ने भागूनच मोजायला हवेत. दिवस एका मापाने आणि पैसे दुसऱ्या मापाने असे चालत नाही.

हाच शब्द पत्रातही लिहावा, असा आमचा आग्रह यामुळेच असतो. "कमी दिवसांचा पगार कापावा" असे लिहिले की एकूण पगार कापायला आपणच परवानगी दिली असा अर्थ निघू शकतो.

आता दोन-तीन गोष्टी इतर वाचकांसाठी, कारण सगळ्यांची मुले हॉटेलात नसतात.

आपल्या घरांतल्या कितीतरी मुली खासगी अनुदानित शाळांत शिक्षिका आहेत. त्यांना नेमणूकपत्रावर थांबून चालणार नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. त्याप्रमाणे कायम शिक्षकाची नोटीस तीन कॅलेंडर महिन्यांची आणि कायम नसलेल्याची एका कॅलेंडर महिन्याची. राजीनामा दोन प्रतींत लिहून दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची, हेही कायद्यातच सांगितले आहे. नेमणुकीच्या दिवशी कोऱ्या किंवा बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेऊन ठेवण्याचे प्रकार कानावर येतात, तेव्हा ही तरतूद का केली असेल ते समजते. अशा कागदावर सही करू नये.

आखाती देशांत गेलेल्या भावांनी तिथला कायदा पाहावा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात करारातली नोटीस ३० दिवसांपेक्षा कमी आणि ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. या मर्यादेत करारात जो आकडा आहे तो पत्रात लिहायचा. परिविक्षेच्या काळात नियम निराळे आहेत. तिथेच दुसरीकडे जाणार असाल तर एक महिना, देश सोडणार असाल तर १४ दिवस.

नोटीस आणि बाँड यांची गल्लत करू नये. एका वाचकाने विचारले आहे की तीन महिन्यांची नोटीस पूर्ण दिली तर तीन वर्षांच्या बाँडमधून सुटका होते का. होत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली. त्या अधिकाऱ्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला होता आणि ही रक्कम आधी भरली होती. सरकारी बँकेला नवी भरती करायला खर्च आणि वेळ लागतो, हे न्यायालयाने लक्षात घेतले. प्रत्येक बाँड असाच टिकेल असा याचा अर्थ नाही, रक्कम वाजवी आहे का हे पाहिले जाते. पण करारात दोन्ही कलमे असतील तर राजीनाम्यापूर्वी दोन्ही वाचावीत.

आणि ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांचे काय? शिर्डीत लहान लॉज, खानावळी, फुलांची आणि प्रसादाची दुकाने यांत शेकडो मुले तोंडी बोलीवर काम करतात. त्यांनी पत्रात खोटे कलम लिहू नये. "आपल्यात लेखी करार झालेला नाही, म्हणून मी आजपासून ३० दिवसांची नोटीस देत आहे, माझ्या कामाचा शेवटचा दिवस अमुक" असे लिहून फोटो काढून ठेवावा. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्याने महिनाभर आधी सांगणे हे वाजवी समजले जाते. पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुकाच्या त्या नोंदी हाच नोकरीचा पुरावा.

भाच्याचा शेवटचा दिवस ३१ जुलै. रिलीव्हिंग लेटर हातात घेताना त्याने तीन तारखा ताडून पाहिल्या : पत्रातली, अंतिम हिशोबातली आणि पीएफच्या खात्यात हॉटेलने भरलेली नोकरी सोडल्याची. पीएफमध्ये चुकून ९ ऑगस्ट भरली होती. तशीच राहिली असती तर नव्या नोकरीचे नऊ दिवस जुन्या नोकरीवर चढले असते, आणि पुढे खाते पुण्याला हलवताना अर्ज अडकला असता. त्याने त्याच खिडकीवर उभे राहून ती दुरुस्त करायला सांगितली.

पैसे मात्र तीन आठवड्यांनी आले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. राजीनामा देणाऱ्याचे वेतनही दोन कामाच्या दिवसांत द्यावे, असे तिच्या कलम १७ मध्ये म्हटले आहे. हे दोन दिवस शेवटच्या दिवसापासून मोजायचे असतात. म्हणून तो शेवटचा दिवस कोणता, हे पत्रात आणि मालकाच्या उत्तरात एकच हवे.

रमजानच्या आधी तो पुण्याहून आला तेव्हा नव्या हॉटेलचे कायमपत्र सोबत घेऊन आला. पहिले पान आम्हाला दाखवलेच नाही. मागचे पान उघडून म्हणाला, "मामू, इथे 'एक कॅलेंडर महिना' लिहिलंय. आणि 'एकूण वेतन'. हे आत्ताच विचारून घेऊ का?"

आम्ही म्हटले, सही करायच्या आधी विचार.